लसीला थंडी बाधते

चौदाव्या आठवड्याला बाळाला काय काय द्यायचं, असं विचारलं की माझ्या विद्यार्थिनी एका दमात सांगतात. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, पेंटाचा तिसरा डोस, आयपीव्हीचा दुसरा, पीसीव्हीचा दुसरा. कुठल्या मांडीत काय, किती मिली, सुई सरळ की तिरकी, सगळं तोंडपाठ असतं. मग मी त्यांना कोपऱ्यातल्या डीप फ्रीझरपाशी नेते आणि म्हणते, "आता हे सगळं उपकेंद्राच्या गावी न्यायचंय. कॅरियर भरा."

दरवर्षी पहिल्या खेपेला तेच घडतं. मुलगी फ्रीझरचं झाकण उघडते, पांढरंशुभ्र हिव धरलेले चार आईस पॅक काढते, निळ्या कॅरियरच्या चारी बाजूंना सरळ बसवते, मधल्या जागेत लसीच्या बाटल्या ठेवते आणि झाकण घट्ट लावते. काम झटपट होतं, नीटनेटकं होतं. मी म्हणते, "यातल्या निम्म्या लसी तू आत्ता वाया घालवल्यास." ती गोंधळून विचारते, "पण मॅडम, लस थंडच ठेवायची असते ना?"

सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नावर द्यावा लागतो. वेळापत्रक पाठ करणं अवघड नाही. थंडी लसीला तारतेही आणि मारतेही, हे अंगवळणी पडणं अवघड आहे. कारण उन्हानं बिघडलेली लस आपल्याला तसं सांगते. थंडीनं बिघडलेली लस काही सांगत नाही. ती टोचली जाते, कार्डावर तारीख पडते, आई समाधानानं घरी जाते. आणि बाळाच्या अंगात मात्र हवं तेवढं संरक्षण तयार होत नाही.

भीती उन्हाचीच होती

आपल्याकडे लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचं रूप आलं. तेव्हापासून कोल्ड चेनची, म्हणजे शीतसाखळीची, सगळी उभारणी उन्हाला धरून झाली. कारखान्यातून निघालेली लस राज्याच्या साठ्यात, तिथून विभागाच्या, मग जिल्ह्याच्या, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि शेवटी अंगणवाडीतल्या टेबलावर पोहोचते. एवढ्या प्रवासात, मे महिन्यातल्या मराठवाड्यात, ती तापू नये याची काळजी रास्तच होती. त्यातही पोलिओचे थेंब सगळ्यात नाजूक.

या काळजीतूनच बाटलीवरचं ते छोटं चिन्ह आलं, ज्याला आम्ही व्हीव्हीएम म्हणतो. पोलिओच्या बाटल्यांवर ते १९९६ पासून येऊ लागलं. एक गोल आणि त्याच्या आत एक चौकोन. लस ताजी असते तेव्हा चौकोन गोलापेक्षा फिकट दिसतो. बाटलीला जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो, आणि एकदा गडद झालेला चौकोन पुन्हा फिकट होत नाही. चौकोनाचा रंग गोलाइतका झाला की बाटली बाद. पोलिओच्या थेंबांवरचं चिन्ह सदतीस अंशांत साधारण दोन दिवसांत त्या टोकाला पोहोचतं. हेपटायटिस बी अधिक काटक, तिच्या चिन्हाला महिनाभर लागतो.

हे चिन्ह फार गुणाचं आहे. नर्सबाईला प्रयोगशाळा लागत नाही, नजर पुरते. पण त्यानं एक चुकीची सवयही लावली. चौकोन फिकट आहे ना, मग लस चांगली, असं मनात पक्कं बसलं. चौकोन फक्त उष्णतेचा हिशोब ठेवतो. रात्रभर गोठून राहिलेल्या पेंटाच्या बाटलीवरचा चौकोनही सकाळी फिकटच असतो, उलट इतरांपेक्षा अधिक ताजा वाटतो.

बाटलीच्या आत काय होतं

पेंटाची बाटली उजेडासमोर धरून हलवली तर आतला द्राव तांदळाच्या धुवणासारखा, पातळ दुधट दिसतो. त्या दुधटपणात सगळं मर्म आहे. जंतूचा निष्क्रिय केलेला अंश एकटाच टोचला तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून तो अंश अॅल्युमिनियमच्या क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलेला असतो. हे कण त्याला धरून ठेवतात आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेला जागं करतात.

द्राव गोठू लागला की आधी पाण्याचे स्फटिक बनतात. ते क्षाराच्या कणांना मधल्या चिंचोळ्या जागांत रेटत नेतात. कण एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. नंतर बर्फ वितळतो, पण गुठळ्या सुटत नाहीत. नासलेलं दूध थंड केलं, ढवळलं, गाळलं तरी पुन्हा एकजीव होत नाही, तसंच हे. अशी लस टोचली तर शरीराचा प्रतिसाद कमी पडतो, शिवाय सुईच्या जागी त्रास वाढू शकतो.

यासाठी फार मोठी थंडीही लागत नाही. हेपटायटिस बी शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली गोठू लागते. आणि डीप फ्रीझरमधून नुकता काढलेला आईस पॅक असतो उणे पंधरा ते उणे पंचवीस अंशांवर.

जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसींचं गणित उलटं आहे. पोलिओचे थेंब गोठले तरी बिघडत नाहीत. मोठ्या साठ्यांत ते मुद्दाम गोठवूनच ठेवतात. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची एमआर या कोरड्या पावडरी आहेत, त्यांनाही गोठण्याचं भय नाही. त्यांना भय ऊन आणि उजेडाचं. मात्र त्यांच्यासोबत येणारा विरघळवण्याचा द्राव गोठू द्यायचा नाही, कारण काचेची कुपी तडकते.

म्हणून वेळापत्रक शिकवताना मी मुलींना दोन पेन्सिली आणायला सांगते. ज्या लसीला थंडी बाधते तिच्याखाली निळी रेघ, जिला ऊन बाधतं तिच्याखाली लाल. जन्मताच दिली जाणारी हेपटायटिस बी निळी. पेंटा, आयपीव्ही आणि पीसीव्ही निळ्या. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर निळा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षाची, आणि गरोदरपणात दिली जाणारी टीडी निळी. लाल रेघ बीसीजी, पोलिओचे थेंब आणि एमआर यांच्याखाली. रेघा मारून झाल्या की मुली कागदाकडे बघत राहतात. ज्या कार्यक्रमाची सगळी धडपड लस थंड ठेवण्याची, त्यातल्या जास्त लसींखाली निळी रेघ असते.

कानाशी धरलेला आईस पॅक

आता कॅरियरकडे वळू. गावातल्या सत्रासाठी जो लहान कॅरियर वापरतात त्यात चार आईस पॅक आणि साधारण सोळा ते वीस बाटल्या मावतात. आईस पॅक म्हणजे साध्या पाण्यानं भरलेली प्लास्टिकची चपटी डबी. पाणी खुणेपर्यंतच भरायचं, कारण बर्फ फुगतो. त्यात मीठ घालायचं नाही, कारण मिठानं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनच गोठतं आणि आपल्याला नको असलेली थंडी तयार होते.

फ्रीझरमधून काढलेले पॅक टेबलावर एका रांगेत, मध्ये दोन-दोन बोटं जागा सोडून मांडायचे आणि थांबायचं. आधी त्यांच्यावरचं पांढरं हिव जातं. मग बाहेरून दव धरतं, घाम आल्यासारखं. तरीही थांबायचं. मग एक पॅक उचलून कानाशी धरायचा आणि हलवायचा. आत बर्फाचा गोळा पाण्यात हलल्याचा खळखळ आवाज आला की पॅक तयार. याला आम्ही आईस पॅक कंडिशन करणं म्हणतो.

या आवाजामागचं कारण मुलींना कळलं की त्या तो कधी विसरत नाहीत. डबीत बर्फ आणि पाणी एकत्र आहेत तोवर तिचं तापमान शून्यावरच थांबतं. बर्फ वितळत राहतो, पण डबी शून्याच्या खाली जात नाही. फ्रीझरची उणे थंडी निघून गेली आणि वितळायची थंडी उरली, एवढंच तो आवाज सांगतो. कॅरियरच्या आत बाटल्यांजवळ मग दोन ते आठ अंशांच्या मधलं तापमान राहतं, आणि तेच हवं असतं.

किती वेळ थांबायचं याला घड्याळाचं उत्तर नाही. मे महिन्यात दुपारी पॅक लवकर खळखळतो. डिसेंबरातल्या सकाळी, खोलीत गारठा असताना, तासाहूनही जास्त वेळ लागू शकतो. म्हणूनच चूक बहुतेकदा थंडीच्या दिवसांत होते. बाहेर मोटारसायकलवर लस पोहोचवणारा माणूस उभा असतो, चार गावं गाठायची असतात, तो हाक मारतो, "बाई, झालं का? उशीर होतोय." आणि पॅक तसेच भरले जातात. यावर मी मुलींना एकच शिकवते, कामाचा क्रम बदला. केंद्रावर पाऊल टाकल्यावर पहिलं काम आईस पॅक बाहेर काढण्याचं. ते घाम धरेपर्यंत ड्यू लिस्ट बघा, सिरिंज मोजा, लसींची यादी जुळवा. थांबण्याचा वेळ मग वेगळा काढावा लागत नाही.

पॅक तयार झाल्यावरही बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मधोमध ठेवायच्या, भिंतीला टेकवायच्या नाहीत. गावात सत्र सुरू झालं की एक आईस पॅक टेबलावर येतो. त्याच्या खाचेत विरघळवलेली एमआर आणि बीसीजी बसते. पेंटा किंवा टीडीची बाटली त्या पॅकवर ठेवायची नाही. आणि एमआर, बीसीजी विरघळवल्यावर त्या चार तासांतच संपवायच्या, उरल्या तरी टाकायच्या. पेंटा, टीडी, पीसीव्हीसारख्या बाटल्या उघडल्यानंतरही अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येतात, पण उघडल्याची तारीख आणि वेळ लेबलवर लिहिलेली हवी, चिन्ह ठीक हवं आणि बाटली गोठलेली नको. दुसऱ्या, तिसऱ्या गावात जाणाऱ्या अशा बाटलीवर थंडीचा धोका पुन्हा पुन्हा येतो, हे या नियमातलं सगळ्यात नाजूक टोक आहे.

कोरा रविवार

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ज्या पेटीत राहते तिला आयएलआर म्हणतात. झाकण वरच्या बाजूला, भिंतींत बर्फाचं अस्तर. दिवसातून आठ तास सलग वीज मिळाली तरी ती तापमान सांभाळते, म्हणून भारनियमनाच्या काळात तिनं फार आधार दिला. थंड हवा जड असते, ती तळाशी बसते. त्यामुळे तळ सगळ्यात गार. पोलिओचे थेंब, बीसीजी आणि एमआर खाली, आणि निळ्या रेघेच्या लसी टोपलीत, वरच्या बाजूला, असा मांडणीचा नियम आहे. टोपली काढून बाटल्या तळाशी रचल्या की धोका सुरू.

आमच्या एका तुकडीची इंटर्नशिप थंडीच्या दिवसांत एका केंद्रावर होती. तिथे घडलेली गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. सोमवारी सकाळी आमच्या विद्यार्थिनीनं आयएलआर उघडून थर्मामीटर वाचलं, तर उणे दोन. नोंदवहीत शनिवारी संध्याकाळी तीन अंश लिहिलेले होते. रविवारची सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही रकाने कोरे. तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही नोंदवायचं असतं ते यासाठीच. उन्हाळ्यात कुणीतरी थर्मोस्टॅट वाढवला होता आणि गारठा पडल्यावर तो परत आणलाच नव्हता. बाहेरची हवा थंड झाली, पेटी तितक्याच जोरानं चालत राहिली, आणि आतली थंडी शून्याच्या खाली गेली.

पेंटाच्या बारा बाटल्या होत्या, सगळ्या एकाच लॉटच्या. त्यातल्या काही टोपलीबाहेर, खाली ठेवलेल्या. हात लावला तर एकही गोठलेली दिसत नव्हती, सगळ्यांत द्राव हलत होता. पण उणे दोनवर त्या कधीपासून होत्या, मध्ये गोठून पुन्हा वितळल्या का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीनं दोन गोष्टी बरोबर केल्या. एक, बाटल्या फेकल्या नाहीत. दोन, वापरूही दिल्या नाहीत. सगळ्या संशयित बाटल्यांवर 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावून त्या बाजूला ठेवल्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं.

मग हलवून पाहण्याची चाचणी झाली. आम्ही तिला शेक टेस्ट म्हणतो. त्याच लॉटची एक बाटली मुद्दाम बळी द्यावी लागते. तिच्यावर 'गोठवलेली' असं ठळक लिहून ती रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली, पार दगड होईपर्यंत. मंगळवारी सकाळी ती खोलीच्या हवेतच वितळू दिली, गरम पाण्यात धरली नाही. मग ही बाटली आणि संशयित बाटली एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवली आणि दोन्ही शेजारी शेजारी सपाट टेबलावर उभ्या केल्या. त्यानंतर फक्त बघत राहायचं, अर्ध्या तासापर्यंत.

गोठवलेल्या बाटलीत थोड्याच वेळात कण खाली बसू लागतात. वरचा द्राव स्वच्छ होत जातो, तळाशी पांढरा थर जमतो, आणि हलवल्यावर त्यात कणीसारख्या गुठळ्या तरंगताना दिसतात. चांगल्या बाटलीतलं दुधट पाणी मात्र बराच वेळ एकसारखं राहतं. संशयित बाटली गोठवलेल्या बाटलीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगानं बसली, तर ती बाद. तिच्यापेक्षा स्पष्ट हळू बसली, तर ती वापरायला योग्य. अकरा बाटल्या अशा एकेक तपासल्या. टोपलीतल्या सात पास झाल्या. खाली ठेवलेल्या चार नापास. त्या चार आणि बळी गेलेली एक, अशा पाच बाटल्या. दर बाटलीत दहा डोस, म्हणजे पन्नास डोस गेले.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. दोन लॉट असतील तर दोन वेगळ्या बाटल्या गोठवाव्या लागतात, एका लॉटची दुसऱ्याशी तुलना चालत नाही. आणि ही चाचणी अॅल्युमिनियम असलेल्या लसींसाठीच आहे. आयपीव्हीत तो क्षार नसतो, त्यामुळे तिच्यात खाली बसायलाच काही नाही. पण थंडी तिलाही बाधते. त्या केंद्रावरच्या आयपीव्हीच्या बाटल्यांचं काय, तर त्या तपासता येत नाहीत म्हणून वापरातून काढाव्या लागल्या.

तो आठवडा त्या मुलींनी नोंदवहीच्या जुन्या पानांवर घालवला. एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली. काही महिन्यांत सकाळ-संध्याकाळ सलग चार, चार, चार असेच आकडे होते, एकाच शाईत, एकाच हातानं. खऱ्या पेटीचं तापमान असं चालत नाही. ते तीन होतं, पाच होतं, वीज गेली तर सहा होतं. सगळे आकडे एकसारखे असलेलं पान दिसलं की समजावं, थर्मामीटर वाचलं गेलेलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी आयएलआरमध्ये तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र असतं, ते शून्याखाली गेल्यावर इशारा देतं. पण तो इशारा बघायला माणूस लागतोच.

एक कार्ड, एक जून महिना

या सगळ्याचा वेळापत्रकाशी संबंध कुठे येतो, ते एका कार्डावरून सांगते. बीड जिल्ह्यातलं असं कार्ड मी वर्गात सोडवायला देते. बाळ २८ ऑगस्टचं. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हेपटायटिस बी झालेले. दीड महिन्याचे सगळे डोस ९ ऑक्टोबरला, वेळेवर. मग आई-बाप ऊसतोडीला गेले. दहा आणि चौदा आठवड्यांचे रकाने रिकामे. मे महिन्यात ते परतले, आणि जूनच्या मध्यावरच्या सत्रात आई बाळाला घेऊन आली. बाळ साडेनऊ महिन्यांचं. आज काय द्यायचं?

निम्म्या मुली पेंटा पहिल्यापासून सुरू करतात. चूक. झालेला डोस वाया जात नाही, कितीही उशीर झाला तरी जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. म्हणून आज पेंटाचा दुसरा, पोलिओच्या थेंबांचा दुसरा, रोटाचा दुसरा, पीसीव्हीचा दुसरा, आयपीव्हीचा दुसरा. नऊ महिने पूर्ण झालेत, म्हणून एमआरचा पहिला आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस, एक मिली, तोही आजच. काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही या वयाला असते.

आई विचारते, "येवढ्या सुया एकाच दिवशी, बाई?" तिला सांगायचं, की या लसी एकत्र दिल्यानं एकमेकींना मारत नाहीत. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, दंडावर एमआर आणि आयपीव्ही. एकाच जागी दोन आल्या तर मध्ये इंचभर अंतर. आज एखादी सुई मागे ठेवली तर ती पुढच्या हंगामात मागेच राहण्याची भीती जास्त.

चार आठवड्यांनी, जुलैच्या मध्यावर, पेंटाचा तिसरा, पोलिओचा तिसरा, रोटाचा तिसरा. चार आठवड्यांचं अंतर पेंटाला पुरतं, पीसीव्हीला मात्र आठ आठवडे लागतात, म्हणून तिचा बूस्टर ऑगस्टच्या मध्यावर. पुढचे मोठे डोस सोळाव्या महिन्यापासून, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी. तेव्हा बाळ पुन्हा उसाच्या फडात असणार. कारखान्याच्या तळावर सत्र झालं तर तिथे, नाहीतर मे महिन्यात परतल्यावर, कारण सोळा ते चोवीस महिने ही मुदत आहे आणि मेमध्ये बाळ वीस महिन्यांचं असेल. हे सगळं कार्डावर पेन्सिलीनं लिहून आईच्या हातात द्यायचं, आणि कार्ड गाठोड्यात सोबत न्या म्हणून सांगायचं.

कार्ड सुटलं की मी तीच दोन रंगांची पेन्सिल पुन्हा मागते. या बाळाच्या जूनच्या रांगेत निळ्या रेघा मारा. पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही. एका सकाळी तीन. त्या दिवशी कॅरियरमध्ये पांढरे हिव धरलेले पॅक गेले असते, तर हे तीनही डोस कार्डावर आले असते आणि अंगात आले नसते. कुणी पुढच्या वेळी कार्ड उघडलं असतं तर रकाने भरलेले दिसले असते, आणि तीच लस पुन्हा देण्याचं कुणाच्या मनातही आलं नसतं. रिकामा रकाना निदान दिसतो. भरलेल्या रकान्यातला गोठलेला डोस शोधून काढायची सोय कुठेच नाही. म्हणून तो गावात पोहोचण्याआधीच थांबवायचा असतो.

ज्या मुलीनं पहिल्या दिवशी सरळ फ्रीझरमधून पॅक काढून भरले होते, तिला मी जानेवारीत एका उपकेंद्राच्या दौऱ्यावर पाहिलं. सकाळचे नऊ वाजले होते, गारठा होता, बाहेर मोटारसायकल सुरू होती. तिनं एक पॅक कानाशी धरून हलवला, खाली ठेवला, दुसरा उचलला, तोही ठेवला. "बाई, निघायचं का?" बाहेरून आवाज आला. "थांबा दहा मिनिटं," ती म्हणाली, "अजून बोलत नाहीये."